‘ध’ आणि ‘मा’ यांमधील अंतर

काही महिन्यांपूर्वी एका तरुण लेखकाने आपल्या पहिल्या लघुकादंबरीचे हस्तलिखित आम्हांस वाचावयास दिले. विषय नारायणराव पेशव्यांच्या वधाचा होता आणि मध्यवर्ती पात्र रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांचे. पहिल्या खर्ड्यात दादासाहेब जन्मतःच दुष्ट होते. ते बोलत ते दात ओठ खाऊन आणि हसत ते छद्मीपणाने. आम्ही म्हणालो, “अशा माणसास वाचक ओळखणार नाही, कारण असा माणूस त्याने कधी पाहिलेलाच नाही.” दोन महिन्यांनी दुसरा खर्डा आला. त्यात दादासाहेबांवर इतका अन्याय झालेला होता की, शेवटच्या प्रकरणी अठरा वर्षांच्या पुतण्याचे तुकडे झाले तरी वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे ते काकांसाठी! लेखकास पहिल्या खड्ड्यातून काढावयास जाऊन आम्ही दुसऱ्यात लोटले होते.

चूक आमच्या सल्ल्याची होती, म्हणून हा प्रश्न पुन्हा एकवार नीट तपासून पाहणे आम्हांस भाग पडले. खलपुरुषाचे मन वाचकास कळावे, पण त्याच्या क्रौर्यास माफी मिळू नये, हे कसे साधावे? त्याचे उत्तर आम्हांस कलाशास्त्राच्या ग्रंथांत शोधावे लागले नाही. ते या वधाच्या इतिहासातच पडलेले आहे.

प्रथम दादासाहेबांची तक्रार काय होती ते पाहू. ती खोटी नव्हती. पहिल्या बाजीरावांचा हा धाकटा पुत्र १७३४ साली जन्मला. १७५८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत, त्याने लाहोरापर्यंत फौज नेली. मोहिमेतून परतताना कीर्तीबरोबर सुमारे ८० लाखांचे कर्जही आले आणि घरात कौतुकापेक्षा हिशेबाचीच बोलणी अधिक झाली. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. त्याच वर्षी जून महिन्यात वडील बंधू नानासाहेब निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांस मिळाली. दादासाहेब त्या वेळी सव्वीस वर्षांचे, रणांगण पाहिलेले, घरातील वडील पुरुष. कारभार त्यांच्या हाती येणार आणि मान पुतण्याचा राहणार, अशी ती व्यवस्था होती. पुतण्या कर्तबगार निघाला, तेव्हा कारभारही हातचा गेला.

येथवर वाचकाने दादासाहेबांच्या बाजूस उभे राहण्यास आमची हरकत नाही. उलट लेखकाने त्यास तेथे उभे केलेच पाहिजे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणत्या मराठी माणसास हे दुःख अपरिचित आहे? दादासाहेबांनी राज्याची अर्धी वाटणी मागितली, १७६८ साली अमृतरावांस दत्तक घेऊन आपला वंश आणि त्याबरोबर आपला हक्क पक्का करू पाहिला. या गोष्टी राजकारणाच्या असल्या तरी त्यांचा वास घरातील भांडणाचाच आहे. त्याच वर्षी १० जून रोजी धोडपच्या लढाईत माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांस पुण्यास आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. ज्या वाड्यात बाप पेशवा म्हणून वावरला, त्याच वाड्यात पुत्र चार वर्षे पहाऱ्यात राहिला.

आमच्या तरुण मित्राने हा सर्व भाग चांगला रंगविला होता. तो चुकला तो पुढे. त्याची समजूत अशी की, हेतू पुरेसा बळकट केला म्हणजे कृत्य आपोआप समजते. परंतु हेतू फक्त माणसास काय हवे आहे ते सांगतो. ते मिळविण्यासाठी तो कोठपर्यंत जाईल, हे हेतूच्या पोटात नसते. दादासाहेबांचे चरित्रच त्याचा पुरावा देते.

१७६२ च्या नोव्हेंबरात काका-पुतण्यांत उघड युद्ध झाले. दादासाहेबांनी निजामाची मदत घेतली होती. आळेगावाजवळ माधवरावांची बाजू पडली, तेव्हा घर फुटून राज्य बुडू नये म्हणून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. पुतण्या पूर्णपणे मुठीत होता. हक्क डावलल्याची बोच तेव्हाही होती आणि ती ताजी होती. तरी दादासाहेबांनी त्यास मारले नाही, पहाऱ्यात ठेवले. पुढे सहा वर्षांनी पारडे फिरले. धोडपनंतर काका पुतण्याच्या मुठीत आले. माधवराव कडक शिस्तीचे आणि काकांच्या फितुरीने पोळलेले होते. त्यांनीही काकांस मारले नाही, पहाऱ्यात ठेवले.

म्हणजे या घराने आपल्या वैराची एक मर्यादा दोनदा पाळून दाखविली होती. एकमेकांस धरावे, मारू नये, ही ती मर्यादा. तिच्या अलीकडे महत्त्वाकांक्षा होती, अन्याय होता, परक्याशी संगनमतही होते. पण रक्त नव्हते. कादंबरीकाराने हे दोन प्रसंग वगळले तर वधाचा प्रसंग जणू नियतीने लिहून ठेवल्यासारखा वाटतो. ते ठेवले तर वाचकास आपोआप प्रश्न पडतो: त्याच मनुष्याने, तीच तक्रार असताना, अकरा वर्षांपूर्वी जे केले नाही ते आता का केले? असा प्रश्न वाचकाच्या मनात जागा राहिला की खलपुरुष समजूही लागतो आणि सुटतही नाही.

आता ‘ध’ चा ‘मा’ कसा झाला, या प्रसिद्ध कथेकडे वळू. गारद्यांना दिलेल्या लेखात नारायणरावांस ‘धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून ते ‘मारावे’ केले, ही हकीकत मराठी घरांत लहान मुलांसही ठाऊक आहे. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात ती नमूद केली आहे. पण तोवर घटनेस त्रेपन्न वर्षे लोटली होती. खाडाखोड केलेला तो कागद आज आपल्यापुढे नाही. आनंदीबाई कारस्थानाबाहेर होत्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु ही कथा इतकी लोकप्रिय का झाली, याचा विचार लेखकाने अवश्य करावा. तिच्यामुळे सर्वांचीच सोय होते. पराक्रमी पुरुष मोहाचा धनी ठरतो, क्रौर्य बायकोच्या लेखणीत जाते आणि तरवार तर भाडोत्री गारद्यांच्याच हाती असते. दोष इतक्या जागी वाटला जातो की, मूळ धन्याच्या वाट्यास केवळ कीव उरते.

नवा लेखक खलपुरुषास समजून घेऊ लागला की हीच वाट हटकून धरतो. नायक करण्याजोगा खलपुरुष त्यास प्रिय होतो आणि त्याचे हात स्वच्छ राहावेत म्हणून तो जवळच एखादे अधिक काळे पात्र उभे करतो. आमच्या मित्राच्या दुसऱ्या खर्ड्यात आनंदीबाई तशाच होत्या. आम्ही त्यास सुचविले की, ही कथा खरी मानावयाची तर खुशाल मान, दादासाहेबांनी फक्त ‘धरावे’ एवढेच लिहिले होते असे समज आणि मग ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी वाड्यात काय घडले ते पाऊलभर पाऊल लिही.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले. तत्पूर्वी त्यांनी काकांस मोकळे करून धाकट्या भावास त्यांच्या हवाली केले होते. पण तो समेट टिकला नाही आणि १७७३ च्या एप्रिलात नारायणरावांनी काकांस पुन्हा वाड्यात कैदेत टाकले. पहारे कडक झाले. सुटकेचा मार्ग म्हणून गारद्यांशी संधान बांधले गेले. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने त्यांनी गर्दी करून वाड्यात शिरावे असे ठरले. गणेशोत्सवाचे दिवस होते. त्या दिवशी सकाळी नारायणराव पर्वतीस जाऊन आले. काही दगा शिजत असल्याची कुणकुण त्यांस लागली आणि बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांस सांगण्यात आले. पण त्यास विलंब झाला. दुपारी सुमेरसिंगाच्या हाताखाली गारदी आत घुसले. निःशस्त्र नारायणराव धावत सुटले ते थेट काकांच्या दालनात गेले आणि त्यांनी काकांस मिठी मारली.

पुढचे काही क्षण ग्रँट डफने सांगितले आहेत ते असे. दादासाहेबांनी पुतण्यास वाचविण्याविषयी सुमेरसिंगास सांगितले. सुमेरसिंग म्हणाला की, इतके पुढे येऊन मी आपला नाश करून घेणार नाही. सोडा, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल. तेव्हा दादासाहेबांनी स्वतःस त्या मिठीतून सोडविले आणि ते गच्चीवर निघून गेले. नारायणराव त्यांच्यामागे जाऊ लागले, तोच तुळाजी पवाराने त्यांस पाय धरून खाली ओढले. त्याच वेळी चाफाजी टिळेकर हा हुजऱ्या आत आला. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. त्याने धावत जाऊन धन्यास मिठी मारली आणि धन्याच्या अंगावरच तो मारला गेला.

वृत्तान्तांत बारीकसारीक फरक आहेत. पण दादासाहेबांच्या बाजूने शक्य तितका अनुकूल असलेला वृत्तान्त घेतला तरी त्यात दोन मिठ्या उरतातच: एक सोडविलेली आणि एक न सोडलेली. ज्याचा या घरावर काही हक्क नव्हता, वाटणी नव्हती, गादी नव्हती, अशा चाकराने जे केले ते काकांनी केले नाही. दोघांपुढे तीच तरवार होती आणि दोघांसही तेवढेच क्षण मिळाले होते. आमच्या मते सबंध लघुकादंबरीचा काटा येथे आहे. दादासाहेबांच्या भीतीचे वर्णन लेखकाने मन लावून करावे. सुमेरसिंगाचे बोलणे ऐकून त्यांच्या हातांतील बळ कसे गेले, पुतण्याचे श्वास छातीशी कसे लागत होते, हे वाचकास इतके जवळून दाखवावे की त्यालाही क्षणभर ती मिठी नकोशी व्हावी. आणि त्याच पानावर चाफाजीस आणावे. भीती अनिवार होती असे म्हणण्याची सोय मग उरत नाही, कारण तिचे निवारण करणारा मनुष्य तेथेच मरून पडलेला आहे.

‘ध’ आणि ‘मा’ यांच्यामधले अंतर म्हणून आनंदीबाईंच्या लेखणीने एका फटक्यात तोडलेले नाही. दादासाहेबांनी ते पायरी-पायरीने चालून गाठले. पगारासाठी बिथरलेल्या सशस्त्र लोकांस त्यांनी वाड्यात येऊ दिले, ही पहिली पायरी. त्या लोकांस आवरण्याचे कोणतेही साधन आपल्या हाती ठेवले नाही, ही दुसरी. मिठी सोडविली, ही तिसरी. प्रत्येक पायरीवर मागे फिरण्याची वाट होती. फक्त ती उत्तरोत्तर अरुंद आणि महाग होत गेली. पहिल्या पायरीवर कैदेत राहून भागले असते, तिसरीवर प्राण द्यावा लागला असता. मनुष्य क्रूर होतो तो बहुधा असाच. स्वस्तात फिरता येते तेव्हा तो फिरत नाही आणि महाग झाल्यावर आता निरुपाय आहे असे म्हणतो. लेखकाने या तिन्ही वाटा उघड्या असल्याचे दाखविले म्हणजे त्यास निराळा निवाडा सांगावा लागत नाही.

आता तक्रारीची जागा कोणती, याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या मित्राने वधाच्या मध्येच दादासाहेबांस लाहोराची मोहीम आठवावयास लावली होती. भूतकाळाची आठवण अशा जागी आली की ती वकिली होते. मुडद्यापुढे उभे राहून आरोपी आपली कैफियत वाचतो आहे असे वाटते. तीच आठवण पहिल्या चार प्रकरणांत, रक्ताचा मागमूस नसताना आली तर ती केवळ माहिती असते आणि वाचक ती विश्वासाने घेतो. लघुकादंबरी शे-सव्वाशे पानांची धरली तर दादासाहेबांच्या दुःखास पहिली साठ पाने निःशंक द्यावीत. पण गारदी वाड्यात शिरल्यापासून त्या दुःखाचा शब्द काढू नये. तेथून पुढे पाने मारल्या जाणाऱ्यांची आहेत.

आणि मारला जाणारा तरी जिता माणूस असावा. पहिल्या खर्ड्यात नारायणराव गरीब कोकरू होते, दुसऱ्यात उद्धट पोर. खरे नारायणराव तापट होते, अननुभवी होते आणि नुकतेच अठरा वर्षांचे झाले होते; त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. त्यांचा उतावळेपणा लपवू नये, कारण दोषी माणसाचाही प्राण घेण्याचा अधिकार काकांस नव्हता. मात्र तो दोष वधाचे कारण वाटेल इतका फुगवू नये. शिवाय त्या दिवशी एकटे पेशवेच मेले नाहीत. वाड्यातील चाकरमाणसेही त्या कत्तलीत सापडली. त्यांपैकी दोघा-तिघांस आधीच्या प्रकरणांत नावे, कामे आणि एखादे लहानसे वाक्य दिलेले असावे. राजकारणी हेतूचा विचार करता करता त्या प्रेतांचा विसर पडणे हीच तर खलपुरुषाची दृष्टी होय. ती लेखकाने उसनी घेऊ नये.

भाषेच्याही एका खुबीकडे आम्ही मित्राचे लक्ष वेधले. आपली मराठी कर्त्यास लपविण्याच्या कामी फार उदार आहे. ‘घडले’, ‘होऊन गेले’, ‘तसा प्रसंग आला’ असे म्हटले की करणारा नाहीसा होतो. वधानंतर दादासाहेबांच्या तोंडी लेखकाने अशीच वाक्ये घालावीत, कारण माणसे स्वतःविषयी अशीच बोलतात. पण निवेदकाने स्वतःच्या वाक्यात कर्ता कधीही गाळू नये. ‘मिठी सुटली’ असे दादासाहेब म्हणोत; निवेदकाने ‘दादासाहेबांनी मिठी सोडविली’ असेच लिहावे. दुसऱ्या खर्ड्यात हा भेद नव्हता. लेखक पात्राचे मन समजून घेता घेता पात्राचे व्याकरण बोलू लागला होता. सहानुभूती माफीत केव्हा पालटली हे ओळखण्याची याहून सोपी खूण आम्हांस माहीत नाही. वधाचे प्रकरण घ्यावे आणि प्रत्येक क्रियापदापुढे कर्ता आहे की नाही ते पेन्सिलीने तपासावे.

राहता राहिला शेवट. दादासाहेबांचे पुढे कल्याण झाले नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांस दोषी ठरविले आणि या पापास देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे सांगून पुणे सोडले, अशी प्रसिद्धी आहे. कारभारी मंडळी फिरली आणि बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. गंगाबाईंस पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे त्यांना पुत्र झाला आणि गादी पुन्हा पुतण्याच्याच वंशात गेली. दादासाहेब इंग्रजांच्या आश्रयास गेले; ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ करून बसले. सात वर्षांनी १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या नावे दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. १७८३ च्या अखेरीस कोपरगावी त्यांचा अंत झाला.

हा शेवट करुण आहे आणि येथेच मोह अनावर होतो. गोदावरीच्या काठी बसलेला एकाकी वृद्ध रंगवावा आणि कादंबरी मिटावी, असे आमच्या मित्रासही वाटले होते. तो वृद्धही नव्हता. पन्नाशीही त्याने गाठली नव्हती. त्याच्या हालास प्रायश्चित्त म्हणणे चुकीचे आहे, कारण प्रायश्चित्त स्वतः स्वीकारावे लागते आणि हे हाल तर पराभवाने आणले होते. गादी टिकली असती तर हा पश्चात्ताप झाला असता काय, असा प्रश्न कोपरगावच्या प्रकरणात कोणीतरी, फार तर त्यानेच, स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर देऊ नये. इतिहासाच्या कागदांत त्याच्या मनाचे उत्तर मिळत नाही. गच्चीवर उभे असताना त्याच्या मनात काय आले, तेही नाही. तेवढी जागा कादंबरीकाराची आहे. त्याने ती भरावी, मात्र तेथे माफी लिहून ठेवू नये.

तिसरा खर्डा गेल्या पंधरवड्यात आला. त्यात काही उणिवा अजून आहेत. आनंदीबाई अद्याप पुरत्या सावरलेल्या नाहीत. पण आमच्या घरी तो मोठ्याने वाचला गेला, तेव्हा पहिली पन्नास-साठ पाने सगळी मंडळी दादासाहेबांच्या बाजूने बोलत होती. कोणी म्हणे, वाटणी द्यावयास हवी होती. कोणी म्हणे, एप्रिलात पुन्हा कोंडावयास नको होते. वधाचे प्रकरण संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग घरातील सर्वांत लहान श्रोत्याने विचारले, “त्या चाफाजीच्या घरी कोण कोण होते?”

लेखक तेथेच बसला होता. त्याने वही उघडली आणि समासात काहीतरी लिहून घेतले.